फोनमधला चष्मा आणि पट्टीवरचं माप

वेल्ह्यातून चष्म्याची फ्रेम बघायला पुण्याला जायचं म्हणजे पुरा दिवस मोडतो. सकाळची एसटी, मार्गासनी, आंबवणे करत नसरापूरला चेलाडी फाट्यावर हायवेला लागायचं, पुढे स्वारगेट. जाऊन-येऊन सव्वाशेच्या आसपास किलोमीटर. तालुक्याचं नाव आता राजगड झालं असलं तरी रस्ता तेवढाच आहे. त्यामुळे माझ्या पुतणीने घरी बसून फोनवर फ्रेम निवडली, यात मला नवल वाटलं नाही. कॅमेरा चालू केला, चेहरा डावीकडे-उजवीकडे फिरवला, वीस-पंचवीस फ्रेमा डोळ्यांवर चढवून उतरवल्या आणि एक काळी, मोठी, चौकोनी पसंत केली. पडद्यावर छान दिसत होती, हे मीही कबूल करतो.

आठवड्याने चष्मा आला आणि नाकावरून घसरायला लागला. मान खाली घातली की थेट ओठांपर्यंत. शिवाय तिचा नंबर वजा सहा. काचेच्या कडा फ्रेमच्या बाहेर वाटीच्या काठासारख्या डोकावत होत्या. "काका, फोनवर तर बरोबर बसला होता," ती म्हणाली. मी पुण्यात एका चष्म्याच्या दुकानात काही वर्षं काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम केलं आहे. त्यामुळे पहिली गोष्ट केली ती म्हणजे दोन्ही चष्मे उलटे करून दांडीच्या आतल्या बाजूचे आकडे वाचले.

जुन्या चष्म्यावर होतं 49□18-135. नव्यावर 54□18-145.

पहिला आकडा एका काचेची आडवी रुंदी मिलिमीटरमध्ये. मधला छोटा चौकोन म्हणजे काच एका काल्पनिक चौकटीत बसवून मोजली आहे, याची खूण. दुसरा आकडा दोन काचांमधलं नाकावरचं अंतर. तिसरा दांडीची लांबी, बिजागरीपासून कानामागच्या टोकापर्यंत, वाकाची लांबी धरून. म्हणजे नव्या चष्म्याची प्रत्येक काच पाच मिलिमीटरने रुंद. दोन्ही मिळून दहा. बिजागऱ्यांपाशी पट्टी लावली तर जुनी फ्रेम 130 भरली आणि नवी 140. पुतणीचा चेहरा कानशिलांपाशी साधारण 130 चाच आहे. दोन्ही बाजूंना पाच-पाच मिलिमीटर मोकळे राहिले तर दांड्या कानशिलांना धरणार कशा? चष्मा घसरणारच.

मग फोनने हे दाखवलं का नाही? त्यासाठी फोन आत काय करतो ते पाहायला हवं.

कॅमेऱ्याच्या चित्रात ॲप आधी चेहरा शोधतं आणि त्यावर ठरावीक खुणांचे ठिपके बसवतं: डोळ्यांचे कोपरे, नाकाचं टोक, भुवया, जबड्याची कड. गूगलने 2019 मध्ये खुली केलेली एक पद्धत चेहऱ्यावर असे 468 ठिपके टाकते आणि साध्या फोनवरही चालते. ठिपक्यांच्या जाळीवरून डोकं किती वळलं, किती झुकलं ते कळतं. फ्रेमचं त्रिमितीय चित्र त्याच कोनात वळवून नाकावर टेकवलं जातं आणि गालाआड, केसांआड जाणारा भाग लपवला जातो. इतकं सगळं सेकंदात वीस-तीस वेळा होतं, म्हणून डोकं हलवलं तरी चष्मा चिकटल्यासारखा राहतो. हा भाग आता बहुतेक ॲपमध्ये चांगला जमतो. रंग, आकार, भुवयांशी फ्रेम कशी दिसते, चेहऱ्याला चौकोनी शोभते की गोल, यासाठी मी ॲपवर विश्वास ठेवेन.

पण या सगळ्यात मिलिमीटर कुठेच आलेला नाही. साध्या कॅमेऱ्याला जवळचा लहान चेहरा आणि लांबचा मोठा चेहरा सारखाच दिसतो. चित्रात चेहरा 600 ठिपके रुंद आहे एवढं त्याला कळतं. ते 130 मिलिमीटर आहेत की 150, हे कळायला चित्रात माहीत असलेल्या मापाची एखादी वस्तू लागते. ती नसेल तर ॲप सोपी वाट धरतं: चेहरा सरासरी आहे असं मानतं, किंवा फ्रेम ताणून-आक्रसून चेहऱ्यावर बेतशीर बसवतं. अशा ॲपमध्ये प्रत्येक फ्रेम प्रत्येकाला 'बरोबर बसते'.

तुमचं ॲप यातलं आहे का, ते दोन मिनिटांत कळतं. एकाच घडणीची फ्रेम दोन मापांत विकायला असते, ती शोधा, एक 49 ची आणि एक 54 ची. चेहरा न हलवता आधी एक लावा, मग दुसरी, दोन्हींचा स्क्रीनशॉट घ्या. फ्रेमची बाहेरची कड कानशिलाच्या कुठे येते ते पाहा. मोठी फ्रेम स्पष्ट बाहेर आली तर ॲप माप पाळतं. दोन्ही चित्रं सारखीच दिसली तर तो नुसता आरसा आहे, पट्टी नव्हे. पुतणीच्या फोनवर आम्ही हेच केलं. दोन्ही चित्रांत कड त्याच जागी.

जी ॲप माप पाळतात, ती ते तीनपैकी एका रीतीने आणतात, आणि प्रत्येक रीत आपापल्या ठिकाणी चुकते.

पहिली रीत एटीएम कार्डाची. कपाळावर किंवा नाकाखाली कार्ड धरायला सांगतात. जगभर या कार्डाची रुंदी 85.60 मिलिमीटर ठरलेली आहे. नवं प्लास्टिकचं आधार कार्डही त्याच मापाचं. कार्ड चित्रात किती ठिपके व्यापतं त्यावरून एक ठिपका किती मिलिमीटरचा ते निघतं. रीत चांगली, पण कार्ड आणि डोळे एका पातळीत असायला हवेत, आणि ते नसतात. कार्ड बाहुल्यांपेक्षा दीडेक सेंटिमीटर पुढे येतं, कॅमेऱ्याला जवळ पडतं आणि मोठं दिसतं. परिणामी मागचं सगळं लहान मोजलं जातं.

दुसरी रीत बुबुळाची, कार्ड न मागणारी. डोळ्यातल्या रंगीत गोलाचा आडवा व्यास माणसामाणसांत फार बदलत नाही. तो साधारण 11.7 मिलिमीटर असतो, अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे. 2020 मध्ये गूगलने याच आधारावर चेहऱ्याचं अंतर काढणारी पद्धत बाहेर आणली. कल्पना सुरेख आहे, पण हिशेब करून पाहा. 11.7 वर अर्धा मिलिमीटर म्हणजे चार टक्क्यांहून थोडं जास्त. तुमचं बुबुळ प्रत्यक्षात 12.2 असेल आणि ॲपने 11.7 धरलं, तर तुमचा 140 मिलिमीटरचा चेहरा त्याला 134 चा वाटेल. सहा मिलिमीटर म्हणजे फ्रेमच्या एका मापाचा फरक. चष्मा असताना मोजलं तर आणखी गंमत: वजा नंबरच्या काचेतून डोळा लहान दिसतो, म्हणजे ॲपची पट्टीच आखडते.

तिसरी रीत खोली मोजणाऱ्या कॅमेऱ्याची. ॲपलने 2017 च्या आयफोन एक्सपासून पुढच्या बाजूला असा कॅमेरा दिला. तो चेहऱ्यावर तीस हजारांहून जास्त न दिसणारे अवरक्त ठिपके टाकतो आणि प्रत्येक ठिपक्याचं अंतर काढतो. अमेरिकेतल्या वॉर्बी पार्कर या चष्म्याच्या कंपनीने 2019 मध्ये आपलं फ्रेम घालून पाहण्याचं काम याच कॅमेऱ्यावर उभारलं. तिन्हींत ही रीत सर्वांत भरवशाची, कारण इथे माप अंदाजाने नाही, मोजून येतं. आपल्याकडे बहुतेकांच्या हातात अँड्रॉइड फोन असतो, आणि त्यात पुढे असा कॅमेरा क्वचितच सापडतो. लेन्सकार्टने 2010 पासून भारतात ऑनलाइन चष्म्याची सवय लावली, तीही अशाच साध्या कॅमेऱ्यांच्या देशात.

फ्रेम थोडी सैल झाली तर दुकानात दांडी गरम करून वाकवता येते. बाहुल्यांमधलं अंतर, ज्याला दुकानात पीडी म्हणतात, ते चुकलं तर काही वाकवता येत नाही. काच पुन्हा करावी लागते. म्हणून या आकड्यापाशी थोडं थांबतो.

प्रत्येक काचेत एकच जागा अशी असते जिथून सरळ पाहिलं तर किरण वळत नाहीत. ती जागा बाहुलीसमोर यायला हवी. डावी-उजवीकडे सरकली तर काच त्या जागी त्रिकोणी लोलकासारखी वागते, आणि दोन डोळ्यांची चित्रं एक करायला स्नायूंना ओढ घ्यावी लागते. किती ओढ, याचा हिशेब सोपा: सरकलेले सेंटिमीटर गुणिले नंबर. पुतणीची पीडी 60. समजा काचा 56 ने बनल्या. प्रत्येक डोळ्याला दोन मिलिमीटर चूक, म्हणजे 0.2 गुणिले 6, एका डोळ्यावर 1.2 प्रिझम, दोन्ही मिळून 2.4. अमेरिकी मानकात या नंबरला पीडीत दोन डोळ्यांची मिळून अडीच मिलिमीटरपर्यंतच सूट आहे, म्हणजे दीड प्रिझम. नंबर वजा एक असता तर तीच चार मिलिमीटरची चूक 0.4 प्रिझमची झाली असती आणि बहुधा जाणवलीही नसती. त्यामुळे 'माझ्या मैत्रिणीने पीडी फोनवर मोजली, तिला काही त्रास नाही' या वाक्याला तिचा नंबर काय, हे विचारल्याशिवाय अर्थ नाही.

आता फोन पीडी किती चुकवतो ते पाहू. समजा खरी पीडी 62 आहे आणि फोन चाळीस सेंटिमीटरवर धरला. इतक्या जवळच्या कॅमेऱ्याकडे पाहताना दोन्ही डोळे आत वळतात आणि बाहुल्यांमधलं अंतर दीड मिलिमीटरने कमी होतं: 60.5. कार्ड दीड सेंटिमीटर पुढे असल्यामुळे आणखी साडेतीन टक्के कमी: साधारण 58.3. दोन्ही चुका एकाच दिशेला जातात, एकमेकींना खोडत नाहीत. फोन ऐंशी सेंटिमीटरवर नेला, म्हणजे दुसऱ्या कुणाला धरायला दिला, तर तीच गणितं 60 च्या आसपास येतात. चांगली ॲप या दोन्ही चुकांची वजाबाकी स्वतः करतात, पण तीही कार्ड किती पुढे आहे आणि तुम्ही नेमकं कुठे पाहत होता याचा अंदाज बांधूनच. म्हणून फोनवर पीडी मोजायचीच असेल तर फोन लांब धरा, तीन-चार वेळा मोजा. आकडे दोनपेक्षा जास्त मिलिमीटरने हलत असतील तर तो आकडा वापरू नका.

घरी पट्टीनेही हे बरं जमतं. मोजणारा समोर, हातभर अंतरावर, डोळ्यांच्या पातळीत बसतो. तो आपला उजवा डोळा मिटतो. ज्याचं मोजायचं तो त्याच्या उघड्या डाव्या डोळ्यात पाहतो. पट्टीचा शून्य त्याच्या उजव्या बाहुलीच्या मध्यावर आणायचा. पट्टी न हलवता मोजणाऱ्याने डोळा बदलायचा, दुसऱ्यानेही आता त्या उजव्या डोळ्यात पाहायचं, आणि डाव्या बाहुलीपाशी आकडा वाचायचा. डोळा बदलण्यामागचं कारण हेच की प्रत्येक डोळा समोरच्या डोळ्याकडे सरळ पाहतो, आत वळत नाही. काळ्याभोर डोळ्यांत बाहुलीचा मध्य दिसत नसेल तर दोन्ही बुबुळांची एकाच बाजूची, म्हणजे दोन्हींची डावी किंवा दोन्हींची उजवी, कड धरायची.

आता ॲपला जे मुळीच कळत नाही ते. कान. फोन तीस सेंटिमीटरवर असेल तर कान कॅमेऱ्यापासून बेचाळीसवर असतात, केसांआड असतात आणि चित्रात आक्रसतात. दांडी कानावर कुठे टेकते, वाक कानाच्या मागे लगेच उतरतो की दोन बोटं पुढे, हे ॲप नुसतं रंगवतं. नाकही तसंच. धातूच्या फ्रेमला पॅड असतात, ते चिमटीने आत-बाहेर करता येतात. प्लास्टिकच्या, म्हणजे दुकानात जिला शेल फ्रेम म्हणतात तिच्या, पुलाचा आकार कायमचा असतो. तो नाकाच्या उतारावर दोन्ही बाजूंनी सारखा टेकला तर ठीक, नाहीतर सगळं वजन एका रेषेवर येतं आणि संध्याकाळी लाल वळ उमटतो. आपल्याकडे पुष्कळांच्या नाकाचा दांडा डोळ्यांपाशी सपाट असतो. अशा नाकावर शेल फ्रेम खाली सरकून गालावर बसते आणि हसलं की गाल तिला उचलतात. पडद्यावर सहसा कुणी मोठ्याने हसून पाहत नाही.

काचाही ॲपला माहीत नसतात. पडद्यावर फ्रेममध्ये जवळजवळ हवाच असते. पुतणीच्या वजा सहाचं प्रत्यक्षात काय होतं? 54 ची काच आणि 18 चा पूल, म्हणजे फ्रेमच्या दोन मध्यांमधलं अंतर 72. तिची पीडी 60. प्रत्येक काचेचा मध्य नाकाकडे सहा मिलिमीटर सरकवावा लागतो, म्हणून बाहेरची कड मध्यापासून 27 अधिक 6, असं 33 मिलिमीटरवर जाते. साध्या काचेत तिथे जाडी साधारण साडेआठ मिलिमीटर होते. जुन्या 49 च्या फ्रेममध्ये हेच अंतर 28 आणि जाडी पावणेसात. जाडी अंतराच्या वर्गाने वाढते, म्हणून पाच मिलिमीटर रुंद फ्रेम एवढी महागात पडते. मोठा नंबर असलेल्याने फ्रेमचे पहिले दोन आकडे मिळवले की बेरीज आपल्या पीडीच्या जवळ येते का, हे आधी पाहावं. पातळ काचेला जादा पैसे मोजण्याआधी हा फुकटचा उपाय आहे.

प्रोग्रेसिव्ह काच असेल तर माझं मत स्पष्ट आहे: फोनवर फ्रेम बघा, पण माप दुकानातच द्या. तिथे पीडीबरोबर बाहुलीची उंचीही लागते. निवडलेली फ्रेम चेहऱ्यावर नीट बसवून, माणूस सहज उभा असताना, काचेवर पेनने खूण करून ती घेतात. फ्रेमच चेहऱ्यावर नसेल तर ही उंची मोजायची कशावरून? बायफोकलचीही गोष्ट तीच, फक्त तिथे चूक जरा खपते.

प्रत्यक्षात काय तपासायचं? नसरापूर, भोर, पुणे, जिथे कामाला जाणं होईल तिथल्या दुकानात तेवढ्यासाठी दहा मिनिटं काढावीत. फ्रेम घालून मान खाली घाला आणि डोकं हलवा. हसून पाहा, गाल लागतात का. पापण्या मिटताना काचेला घासतात का. दांडी आणि कानशिलात बोट शिरतं की दांडी कातडीत रुतते. वाक कानाच्या माथ्याशीच उतरायला हवा. फ्रेम दुकानातूनच घ्यायची असं नाही, पण मग फुकटात तासभर दुकानदाराला राबवू नये. पीडी मोजून घेतली आणि दांडी बेतून घेतली तर त्याचे पैसे विचारून द्यावेत.

आणि चष्मा कुरिअरने घरी आलाच, तर परतीची मुदत संपायच्या आत एक चाचणी घरीच करता येते. चष्मा हातभर लांब धरा आणि एका काचेतून लांबचा विजेचा खांब पाहा. काचेच्या आत दिसणारा खांब आणि काचेबाहेरचा खांब बहुतेक वेळा एका रेषेत नसतात, तुटल्यासारखे दिसतात. चष्मा हळूहळू आडवा सरकवा. ज्या जागी खांब सलग दिसेल तिथे स्केचपेनने ठिपका द्या. दुसऱ्या काचेलाही तसंच. दोन ठिपक्यांमधलं अंतर पट्टीने मोजा. ते तुमच्या पीडीच्या बरोबरीने यायला हवं. तिरपा सिलिंडर नंबर असेल तर खांब वाकडा दिसतो आणि ही युक्ती फसते. मोठा नंबर असेल तर ती फार छान चालते. पुतणीच्या चष्म्यावर ठिपके 60 वर आले. म्हणजे काचा बिनचूक होत्या. चुकली होती फक्त फ्रेम. ती परत गेली, आणि तिने दुसरी मागवली ती जुनीचे आकडे समोर ठेवून: 48□20-140. बेरीज 68, जुनीची 67.

एक विनंती डोळे तपासणाऱ्यांना. ग्रामीण रुग्णालयातून, शिबिरातून, दवाखान्यातून मिळणाऱ्या कागदावर दोन डोळ्यांचे नंबर असतात, पीडीची जागा बहुधा कोरी असते. माणूस समोर बसलेला असतो, पट्टी टेबलावर असते, मापाला अर्धा मिनिट लागतो. तेवढा एक आकडा लिहून द्या.